कयास नव्हे, कियास: काळ्या ज्वारीच्या एका अदलाबदलीवरून

मिरजेत आमच्या माडीवर दर रविवारी दुपारी दहा-बारा जणी जमतात. फिकहचं, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचं, थोडं थोडं मराठीत वाचतो. कियास हा विषय निघाला की प्रश्न थांबतच नाहीत, आणि ते बहुतेक वेळा तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण मात्र शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: जतकडच्या माझ्या मामूंच्या ज्वारीचं. कियास व्याख्येतून फारसा कळत नाही. एक प्रकरण हातात घेऊन तडीला नेलं की कळतो.

कियास म्हणजे आपण म्हणतो तो कयासच का?

शब्द एकच, पण मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ फार सैल झाला. "निवडणुका लांबणार असा कयास आहे" असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा तिथे अंदाज असतो, पुष्कळदा नुसती हवा. अरबीत या शब्दाच्या मुळाशी मापणं आहे: एका वस्तूला दुसरी लावून बघायची आणि दोन्ही बरोबरीच्या भरतात का ते पाहायचं, जसं कापडाला गज लावतात. कायदेशास्त्रातला कियास हा असा माप लावण्याचा प्रकार आहे. ज्या गोष्टीचा हुकूम कुराणात किंवा हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, सांगितला आहे, तिच्या शेजारी हुकूम न सांगितलेली गोष्ट ठेवायची. ज्या कारणाने पहिलीला हुकूम लागला तेच कारण दुसरीतही सापडलं, तर तोच हुकूम दुसरीलाही लावायचा.

म्हणून "कियासच तर आहे, म्हणजे अंदाजच की" असं कोणी म्हणालं तर ते मराठी शब्दाच्या ओघात बोलतंय असं समजावं.

मामूंच्या ज्वारीचं प्रकरण काय होतं?

मामूंची हायब्रीड ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली आणि कणसं काळी पडली. खायला ती चव देत नाही, कोंबड्यांना नाहीतर जनावरांना चालते. अशी शंभर किलो ज्वारी त्यांच्याकडे पडून होती. शेजारच्या रानातल्या चाचांकडे गेल्या रब्बीचा मालदांडी शाळू होता, पांढराशुभ्र, आणि त्यांना कोंबड्यांसाठी दाणा हवा होता. चाचा म्हणाले, "शंभर किलो काळी दे, पन्नास किलो शाळू घेऊन जा." दोघंही खूश. पोती बैलगाडीत चढायची तेवढी बाकी होती.

मामूंनी सहज मला फोन केला. "मुन्नी, गव्हाचं असं चालत नाही हे मला म्हाईत हाय. पण ज्वारीचं कुठं लिव्हलंय?"

प्रश्न अगदी नेमका होता. ज्वारीचं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणूनच इथे कियास लागतो.

गव्हाचं काय लिहिलेलं आहे?

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात उबादा बिन सामित यांच्याकडून आलेली हदीस आहे. तीत सहा वस्तूंची नावं येतात: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ. सोन्याच्या बदली सोनं, गव्हाच्या बदली गहू असा व्यवहार करायचा असेल तर तो बरोबरीत आणि हातोहात व्हायला हवा. वस्तू वेगवेगळ्या असतील, म्हणजे गव्हाच्या बदली जव, तर प्रमाण हवं ते ठरवा, फक्त व्यवहार हातोहात करा. एकाच जातीच्या वस्तूंच्या अदलाबदलीत जी जास्तीची भर पडते तिला रिबा म्हणतात, आणि ती निषिद्ध आहे.

बायका लगेच विचारतात, चांगल्या आणि हलक्या मालात काही फरकच नाही का? या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका हदीसमध्ये आहे. अरबस्तानातल्या खैबरच्या वसुलीवर नेमलेला एक माणूस पैगंबरांकडे जनीब नावाचा उंची खजूर घेऊन आला. त्यांनी विचारलं, खैबरचे सगळे खजूर असेच असतात का? तो म्हणाला, नाही, आम्ही साध्या मिसळीच्या खजुराचे दोन साअ देऊन याचा एक साअ घेतो. पैगंबरांनी सांगितलं, असं करू नका. मिसळीचा खजूर दिरहमला विका आणि त्या दिरहमांनी जनीब घ्या. साअ हे आपल्या पायलीसारखं मापट्याने मोजायचं माप आहे, अडीच-तीन किलो धान्य मावेल एवढं.

ही हदीस नीट लक्षात ठेवा, पुढे तिची दोनदा गरज लागणार आहे. हलका-भारी, जुना-नवा, काळा-पांढरा या फरकाने जात बदलत नाही हे तिच्यातून कळतं. म्हणजे हायब्रीड आणि मालदांडी ही दोन वाणं झाली, जात एकच: ज्वारी.

कियासचे भाग किती?

चार. अस्ल, म्हणजे ज्याचा हुकूम आधीच माहीत आहे ते मूळ. मराठीतलं "अस्सल" याच घरातलं आहे. फर्अ, म्हणजे फांदी, जिचा हुकूम शोधायचा आहे ती नवी गोष्ट. हुकूम. आणि इल्लत, म्हणजे ज्या कारणावर हुकूम टांगलेला आहे ते कारण. मराठीत आपण नसत्या पीडेला इल्लत म्हणतो. अरबीतही या शब्दाचा एक अर्थ आजार असा आहे, कारण आजारामुळे माणसाची स्थिती पालटते. तशी कायद्यातल्या इल्लतीमुळे वस्तूची कायदेशीर स्थिती पालटते.

आमच्या प्रकरणात अस्ल गहू आहे, फर्अ ज्वारी आहे आणि हुकूम "बरोबरीतच बदला" हा आहे. राहिली इल्लत. सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

ज्यांनी न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, थोडंफार वाचलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जसा स्वयंपाकघरात असतो. यातलं स्वयंपाकघर म्हणजे अस्ल, डोंगर म्हणजे फर्अ, धूर ही इल्लत. फरक असा की धूर आणि अग्नीचा संबंध डोळ्यांनी पडताळता येतो. गहू आणि त्याला लागलेला हुकूम यांचा संबंध पडताळायला वचनं वाचावी लागतात, दुसरी वाट नाही.

इल्लत शोधतात कशी?

हे काम जरा सावकाश बघू, कारण कियास बरोबर की चूक हे इथे ठरतं.

एक जुनी रीत अशी: मूळ वस्तूचे जे जे गुण कारण असू शकतील ते सगळे आधी मांडायचे आणि मग एकेक तपासून बाद करायचे. धान्य पाखडल्यासारखंच आहे हे. गव्हाचे गुण मांडू. तो शेतात पिकतो. तो धान्य आहे. त्याला किंमत आहे. तो मापून विकला जातो. तो खाल्ला जातो. तो रोजचं पोट भरणारं अन्न आहे आणि साठवून टिकतो.

आता गव्हाच्या शेजारी बसवलेल्या वस्तू बघायच्या. "शेतात पिकतो" हे कारण म्हणावं तर मीठ शेतात पिकत नाही आणि तरी ते यादीत आहे. तो गुण बाद. "धान्य आहे" म्हणावं तर खजूर धान्य नव्हे. तोही बाद. "मौल्यवान आहे" म्हणावं तर सोन्याला लागू पडेल, पण मिठाला कसं लागू पडणार? बाद. सुपात शेवटी तीन गुण उरतात: मापणं, खाणं, आणि पोट भरणारं टिकाऊ अन्न असणं. इथपर्यंत सगळे बरोबर चालतात. हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली या सुन्नींच्या चार मजहबांच्या, म्हणजे कायद्याच्या परंपरांच्या, वाटा फुटतात त्या यापुढे.

हनफींनी मापणं आणि जात एक असणं हे दोन्ही मिळून इल्लत धरली. त्यांचं म्हणणं असं की हदीस "बरोबरीत" असं सांगते, आणि बरोबरी कळते मापाने किंवा वजनानेच. जिथे मापच नाही तिथे बरोबरीची अट घालण्यात अर्थ काय? शिवाय खैबरच्या हदीसच्या शेवटी बुखारी या दुसऱ्या हदीससंग्रहात एक छोटं वाक्य येतं, की वजनाच्या वस्तूंचंही तसंच. हंबलींचं प्रसिद्ध मतही याच बाजूचं आहे.

शाफईंनी खाण्याचा गुण धरला. त्यांच्या हातात वेगळी हदीस आहे, तीही मुस्लिममधलीच: "अन्नाच्या बदली अन्न, बरोबरीत." हुकूम "अन्न" या शब्दाला जोडून आला, तेव्हा अन्न असणं हेच कारण, असं ते वाचतात. सोन्या-चांदीसाठी त्यांची इल्लत निराळी आहे: ते चलन आहेत, वस्तूंची किंमत त्यांच्यात ठरते.

मालिकींनी रोजचं पोट भरणारं आणि साठवता येणारं अन्न हा गुण धरला. त्यांचा विचार मला फार देखणा वाटतो. ते विचारतात, चारच खाद्यवस्तू का सांगितल्या आणि त्या याच का? गहू हे वरच्या प्रतीचं धान्य, जव खालच्या प्रतीचं, म्हणजे मधली सगळी धान्यं आली. खजूर हे गोड आणि टिकाऊ अन्न. आणि मीठ, जे एकटं कोणी खात नाही पण ज्यावाचून जेवण होत नाही, ते अन्नाला चव आणणाऱ्या वस्तूंचा प्रतिनिधी. त्यांच्या दृष्टीने या चार वस्तू म्हणजे चार मासले आहेत.

मग ज्वारीचा निकाल काय?

आता प्रत्येकाची इल्लत ज्वारीला लावून बघायची. ज्वारी मापून विकली जाते का? हो. आजोबांच्या वेळी पायलीने आणि अधोलीने, आता काट्यावर. ज्या वस्तूचं नाव वचनात नाही तिच्या बाबतीत हनफी चालू रिवाज धरतात, म्हणून आज बरोबरी किलोतच बघायची. ज्वारी खाल्ली जाते का? जतच्या माणसाला हे विचारूसुद्धा नये. पोट भरणारी आणि टिकाऊ आहे का? भाकरी हेच जेवण असतं आणि ज्वारी कणगीत साठवतात. तिन्ही इल्लती सापडल्या.

जातही दोन्हीकडे एकच आहे, हे खैबरच्या हदीसवरून वर ठरलं. तेव्हा शंभर किलो ज्वारी देऊन पन्नास किलो ज्वारी घेणं चारही मजहबांच्या मते चालत नाही. शंभराला शंभर हातोहात चालतं, पण तसं कोण करील? मामूंनी त्याच दाण्याच्या बदली चाचांकडून हरभरा घेतला असता तर जात वेगळी झाली असती, आणि मग प्रमाण हवं ते ठरवता आलं असतं, फक्त दोन्ही माल त्याच वेळी हातात यायला हवा.

सगळ्यांचा निकाल एकच आला, मग इल्लतीवर एवढा वाद कशासाठी?

ज्वारीत तिन्ही गुण एकत्र आले म्हणून निकाल एक आला. गुण सुटे झाले की वाटा वेगळ्या होतात. माझं माहेर इथलं, हनफी. सासर चिपळूणचं, आणि कोकणातल्या मुसलमानांसारखं शाफई. त्यामुळे हे आमच्या घरात रोजच दिसतं.

भंगार लोखंड देऊन त्याच्या बदली कमी वजनाची नवी सळई घ्यायची झाली, तर हनफी म्हणतात, लोखंड वजनाने विकलं जातं आणि जात एक आहे, चालणार नाही. शाफई म्हणतात, लोखंड कोणी खात नाही आणि ते चलनही नाही, खुशाल करा. उलट, दोन साध्या अंड्यांच्या बदली एक गावठी अंडं. अंडी मोजून विकतात, मापून नव्हे, म्हणून हनफींना हातोहात चालतं. शाफईंना चालत नाही, कारण अंडं हे अन्न आहे.

सगळ्यांत बारीक उदाहरण मूठभर धान्याचं. एका मुठीच्या बदली दोन मुठी गहू दिले तर? जुने हनफी पंडित म्हणतात, अर्ध्या साअच्या खाली शरीयतचं मापच नाही, आणि माप नाही तर मापाची इल्लतही नाही, म्हणून चालेल. शाफई म्हणतात, मूठभर गहूही अन्नच. आम्ही हे वाचलं त्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे मुठीने सुटतं, आमच्याकडे मुठीतही सापडतं." इल्लत कोणती धरली यावर निकाल कुठपर्यंत पोचतो हे ठरतं. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनं आणलं आणि आठवड्याने परत केलं, तर हातोहात झालं नाही. तेही रिबा का?

नाही. उसनवार हा वेगळा व्यवहार आहे, अदलाबदलीची विक्री नव्हे. वाटी घेतली, वाटी परत केली. जास्त देण्याची अट नसेल तर काहीच अडचण नाही. अट नसताना खुशीने शिगोशीग भरून दिली तरी चालतं. पैगंबरांनी स्वतः उसन्या घेतलेल्या उंटाच्या बदली त्याहून चांगला उंट परत केल्याची हदीस आहे. नुसत्या दिसण्याच्या सारखेपणावरून कियास केला की गल्लत कशी होते, ते या प्रश्नात दिसतं. बाहेरून दोन्ही "पीठ दिलं, पीठ घेतलं" असंच आहे. व्यवहाराची जातच वेगळी असल्यावर माप लावायला जागा उरत नाही. अशा चुकीला शास्त्रात "फरक असताना केलेला कियास" म्हणतात, आणि वादात प्रतिपक्षाचा कियास मोडायचं हे नेहमीचं हत्यार आहे.

काळी ज्वारी पैशाला विकून त्याच पैशाने शाळू घेतला तर शेवटी तेच होतं. मग ही पळवाट नाही का?

हा प्रश्न दरवेळी येतो, आणि प्रामाणिकपणे येतो. पहिलं उत्तर असं की ही वाट खुद्द खैबरच्या हदीसमध्येच दाखवली आहे, कोणी मागून काढलेली नाही.

दुसरं उत्तर कियासच्या गाभ्याला भिडतं. इल्लत वेगळी आणि हिकमत वेगळी. हिकमत म्हणजे हुकुमामागचा हेतू, त्यातलं भलं. इथे ती अशी सांगता येईल: मधे पैसा आला की दोन्ही मालांची किंमत उघड होते आणि अडाणी किंवा अडलेल्या माणसाची लूट टळते. पण हुकूम हिकमतीवर टांगत नाहीत, कारण ती पकडीत येत नाही. कोणत्या व्यवहारात कोण किती फसलं हे मोजायचं कसं? म्हणून हुकूम टांगतात तो उघड, ठरीव आणि सगळ्यांना सारखाच दिसणाऱ्या गुणावर. "आम्हा दोघांना भाव माहीत होता, कोणी फसलं नाही, मग चालू दे" असं म्हणणारा माणूस हिकमतीवर हात ठेवतोय. इल्लत तर जागच्या जागीच आहे.

प्रवासातल्या नमाजचं उदाहरण यासाठी अभ्यासक नेहमी देतात. प्रवाशाला चार रकातींच्या, म्हणजे नमाजच्या चार आवर्तनांच्या, जागी दोन रकाती आहेत. हेतू त्रास कमी करण्याचा, पण इल्लत प्रवास ही आहे. सांगलीहून पुण्याला थंड डब्यात आरामात झोपून गेलेला माणूस दोन रकाती पढतो, कारण हनफी हिशेबातलं सुमारे ७७ किलोमीटरचं अंतर त्याने ओलांडलं. आणि मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती वाहणारा हमाल चार पढतो, जरी त्याची पाठ मोडलेली असली तरी. त्रासालाच इल्लत धरलं, तर कोणाचा त्रास किती याचा निवाडा रोज करत बसावं लागेल.

एक अट मात्र जोडून सांगते. दोन्ही व्यवहार खरेखुरे व्हायला हवेत. "ज्वारी विकत घेतो, पण शाळू माझ्याकडूनच घ्यायचा" अशी अट घातली तर ते दोन व्यवहार राहत नाहीत. त्याच माणसाकडून लगेच घेण्याबाबत मालिकी अधिक कडक आहेत. शाफई म्हणतात, हदीसमध्ये दुसऱ्याच माणसाला विका असं म्हटलेलं नाही.

इल्लत नेहमी अशी पाखडूनच काढावी लागते का?

नाही, कधी ती वचनातच दिलेली असते, आणि मग काम फार सोपं होतं. पैगंबरांचे सोबती अबू कतादा यांची गोष्ट बघा. त्यांच्या सुनेने वुजूसाठी, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, पाणी ओतून ठेवलं होतं. एक मांजर आलं आणि त्यातलं पाणी पिऊ लागलं. अबू कतादांनी भांडं तिरकं धरलं, त्याला नीट पिता यावं म्हणून. सून बघतच राहिली. तेव्हा ते म्हणाले, नवल वाटलं का? पैगंबरांनी सांगितलं आहे की मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे.

"वावरणाऱ्यांपैकी आहे" ही इल्लत झाली, वचनातच सांगितलेली. घरात ज्याचा वावर टाळता येत नाही त्याच्या उष्ट्याबाबत सवलत. मग हनफींनी हीच इल्लत घरातल्या उंदरांसारख्या प्राण्यांना लावली. गव्हाच्या बाबतीत असं थेट "कारण" सांगितलेलं नाही, म्हणून तिथे मतं फुटली.

कियास कुठे चालत नाही?

जिथे वचन आहे तिथे. हे साधं वाटतं, पण आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. वेलीवरच्या द्राक्षांचा अंदाज बांधून त्याबदली मोजून बेदाणा द्यायचा सौदा कोणी केला, तर गव्हाकडे धावायची गरज नाही. इब्न उमर यांच्या हदीसमध्ये नेमका हाच सौदा, द्राक्षं आणि सुकवलेल्या मनुकांचं नाव घेऊन, मना केला आहे. तासगावच्या माणसाला सरळ वचन मिळतं, जतच्या ज्वारीवाल्याला कियास करावा लागतो.

ज्याचं कारण बुद्धीला सापडत नाही तिथेही कियास चालत नाही. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजच्या, तीनच रकाती का, हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून त्यावरून दुसऱ्या कशाची संख्या काढता येत नाही.

आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते कियासवर कियास रचता येत नाही. गव्हावरून ज्वारी काढली, आता ज्वारीवरून राजगिरा आणि राजगिऱ्यावरून आणखी काही, असं करायचं नाही. प्रत्येक नव्या वस्तूचं माप गव्हालाच लावायचं. कापड कापताना आधीच्या तुकड्यावर पुढचा तुकडा मापत गेलं की दहाव्या तुकड्याला चार बोटांचा फरक पडलेला असतो, हे शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

कियास अजिबात न मानणारेही आहेत ना?

आहेत. दाऊद जाहिरी (मृत्यू इ.स. ८८४) आणि पुढे अंदलूसचे, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनचे, इब्न हज्म (मृत्यू इ.स. १०६४) यांनी कियास साफ नाकारला. त्यांच्या मते रिबा या सहा वस्तूंतच आहे, ज्वारीत नाही. अल्लाहला मापाच्या सगळ्या वस्तू म्हणायच्या असत्या तर त्याने तसं सांगितलं असतं, तो विसरणारा नाही. मामूंनी इब्न हज्मना फोन केला असता तर पोती त्याच संध्याकाळी गाडीत चढली असती! शिया जाफरी परंपराही असा पाखडून काढलेल्या इल्लतीवरचा कियास मानत नाही.

हा आक्षेप हलका नाही. पाखडून उरलेला गुणच अल्लाहला अभिप्रेत होता हे खात्रीने कसं सांगणार? कियास मानणारेही ते खात्रीने सांगत नाहीत. असा निकाल प्रबळ संभवाचा असतो, असं ते स्वतःच म्हणतात. पण त्यांच्या बाजूने हेही आहे की पैगंबरांनी स्वतः असं माप लावून दाखवलं आहे. एका बाईने विचारलं, माझ्या आईने हजचा नवस केला होता आणि ती वारली, मी तिच्या वतीने हज करू का? त्यांनी विचारलं, तिच्यावर कोणाचं कर्ज असतं तर तू फेडलं असतंस ना? मग अल्लाहचं देणं तर आधी फेडायला हवं. मला स्वतःला ही बाजू पटते.

ही पद्धत कोणी घालून दिली?

वापर सुरुवातीपासून होता. अबू हनीफांच्या (मृत्यू इ.स. ७६७) काळी इराकमध्ये तो पुष्कळ वाढला. त्याला नियमांच्या चौकटीत बसवून लिहून काढण्याचं श्रेय इमाम शाफईंना (मृत्यू इ.स. ८२०) देतात. त्यांच्या "अर्-रिसाला"त कुराण, सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत, आणि इज्मा म्हणजे एकमत यांच्यानंतर कियासचा क्रम लागतो. मदिनेत मालिक यांच्याकडे आणि बगदादला अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद शैबानी यांच्याकडे ते शिकले होते, त्यामुळे दोन्हीकडची रीत त्यांनी जवळून पाहिली होती.

आपण स्वतः घरी कियास करावा का?

निकाल देण्यासाठी नको. वर जेवढ्या हदीस आल्या त्यातली एक जरी नजरेतून सुटली तरी निकाल फिरतो, आणि त्या सगळ्या एका ठिकाणी, एका पानावर मिळत नाहीत. पण कोणी "अमुक वस्तू तमुकसारखी आहे म्हणून हराम" असं सांगितलं तर एक प्रश्न जरूर विचारा: इल्लत कोणती धरली, आणि ती कशावरून? उत्तरात नुसतं "सारखीच तर दिसते" असं आलं तर समजावं की अजून माप लागलेलंच नाही.

मामूंच्या ज्वारीचं शेवटी काय झालं?

पोती गाडीत चढलीच नाहीत. मामू दुसऱ्या दिवशी जतला गेले आणि दोन दुकानांत काळ्या ज्वारीचा भाव विचारून आले. कोंबडीखाद्यासाठी किलोला २२ रुपये मिळत होते. शाळूचा भाव ४० होता. चाचांनी शंभर किलो २२ च्या भावाने, म्हणजे २,२०० रुपयांना घेतली आणि नोटा मामूंच्या हातावर मोजल्या. मामूंनी ते पैसे खिशात घातले, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी चाचांकडूनच शाळू घेतला, ४० ने, ५५ किलो. आदल्या दिवशी ठरलेल्यापेक्षा पाच किलो जास्त.

चाचा काट्याकडे बघत म्हणाले, "मला खरंच म्हाईत नव्हतं रे भाव एवढा हाय." मामूंनी तो शाळू दळून आणला आणि रविवारी चार भाकऱ्या फडक्यात बांधून माडीवर पाठवून दिल्या.